ग्राहकाच्या मसुद्यातली अमर्याद जबाबदारी आणि ९० दिवसांचं पेमेंट: ई-मेलवरून बदल कसा मागायचा

काम ठरतं, दर ठरतो, आणि मग ग्राहकाच्या लीगल विभागाकडून वीस-पंचवीस पानांचा करार येतो. सोबत एक ओळ असते: ‘कृपया सही करून पाठवावे.’ नव्याने व्यवसायात आलेले बरेच जण इथे दोनपैकी एक काहीतरी करतात. काम हातचं जाईल या भीतीने न वाचता सही करतात, किंवा चिडून ‘हा करार एकतर्फी आहे’ असं लिहून पाठवतात. पहिल्यात धोका तसाच राहतो. दुसऱ्यात समोरच्याला नेमकं काय बदलायचं ते कळत नाही, त्यामुळे बदल होतच नाही. खाली दाखवलेली रीत तिसरी आहे. दोनच कलमं निवडायची, त्यांच्या जागी घालायचा मजकूर स्वतः लिहून द्यायचा आणि तो मंजूर करणं समोरच्याला सोपं जाईल असा ई-मेल पाठवायचा.

समजण्यासाठी एक रचलेला दाखला धरू. पुण्यात दोन भागीदारांची छोटी सॉफ्टवेअर फर्म आहे. चाकणचा यंत्रं बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना त्यांचा ग्राहक आहे. डीलरांना ऑर्डर टाकता यावी आणि ती कुठवर आली ते पाहता यावं, यासाठी त्याला पोर्टल हवं आहे. फी ८ लाख रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,४४,००० रुपये. काम चार महिन्यांचं. मसुद्यातली ही दोन कलमं बघा:

‘ग्राहकाने आपल्या समाधानानुसार काम लेखी स्वीकारल्यानंतर ९० दिवसांत रक्कम अदा केली जाईल. ग्राहकास योग्य वाटेल ती रक्कम रोखून धरण्याचा अधिकार राहील.’

‘या करारात अन्यत्र काहीही म्हटलेले असले तरी, सेवा पुरवठादार सदर कामातून किंवा कामाच्या संबंधात उद्भवणाऱ्या सर्व प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष नुकसानीबद्दल, दाव्यांबद्दल व खर्चाबद्दल ग्राहकास पूर्णपणे भरपाई देईल.’

पायरी १: उत्तर देण्याआधी काय करायचं नाही

‘करार पाहिला, ठीक आहे, काम सुरू करतो’ असा मेल घाईत पाठवू नका. ई-मेलवरूनही करार होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-ए मध्ये इलेक्ट्रॉनिक रीतीने झालेल्या कराराला मान्यता आहे. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत अ‍ॅल्युमिनियम या २०१० च्या प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाने असं धरलं, की औपचारिक दस्तऐवजावर सही झालेली नसली तरी पक्षांमधल्या ई-मेलवरून करार पूर्ण झालेला होता.

काम सुरू करणं हाही होकार ठरू शकतो. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ८ नुसार प्रस्तावातली अट प्रत्यक्ष पार पाडली की तो प्रस्ताव स्वीकारल्यासारखा धरला जातो. म्हणजे तुम्ही बदल मागत असताना ग्राहक म्हणाला, ‘लीगलचं चालू राहू दे, तुम्ही सोमवारपासून या’, आणि तुम्ही गेलात, तर पुढे वाद झाल्यावर तुम्ही जुन्याच मसुद्यावर काम सुरू केलं असं म्हणायला त्याला जागा मिळते. म्हणून वाटाघाटीच्या प्रत्येक मेलमध्ये एक वाक्य ठेवा: ‘हा मेल चर्चेसाठी आहे, दोन्ही पक्षांच्या सहीनंतरच अटी बंधनकारक होतील.’ आणि या वाक्याला धरून वागा.

या टप्प्यावर आणखी एक काम उरकून घ्या. तुमचा व्यवसाय सूक्ष्म किंवा लघु उद्योगात बसत असेल आणि उद्यम नोंदणी केलेली नसेल, तर करारावर सही होण्याआधी ती करा. नोंदणी मोफत आहे आणि udyamregistration.gov.in या सरकारी संकेतस्थळावर होते. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत उलाढाल आणि अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक असलेला व्यवसाय सूक्ष्म गटात मोडतो, त्यामुळे आपल्या दाखल्यातली फर्म त्यात सहज बसते. अशा उद्योगांना पैसे वेळेत मिळावेत म्हणून कायदा आहे, त्याबद्दल पुढे येईलच. करार झाल्यावर नोंदणी केली तर त्या कराराला या कायद्याचं संरक्षण मिळतं का, यावर न्यायालयांत बराच वाद झालेला आहे. त्या वादात पडायची वेळच येऊ देऊ नका.

पायरी २: मसुदा वाचताना नेमकं काय शोधायचं

वरच्या दुसऱ्या कलमात ‘अमर्याद’ हा शब्द कुठेच नाही. अमर्याद जबाबदारी बहुतेक वेळा अशीच येते. वरची मर्यादा लिहिलेलीच नसते, आणि मर्यादा नसेल तर रक्कम कितीही होऊ शकते. म्हणून अमुक शब्द शोधण्यापेक्षा जबाबदारीला वर आकडा लावणारं वाक्य कुठे आहे का, ते शोधा.

असं वाक्य सापडलं तरी लगेच निश्चिंत होऊ नका. काही मसुद्यांत एका कलमात ‘एकूण जबाबदारी करारमूल्याइतकी’ असं लिहिलेलं असतं, आणि भरपाईचं कलम, ज्याला सगळे इंडेम्निटी म्हणतात, ‘या करारात अन्यत्र काहीही म्हटलेले असले तरी’ या शब्दांनी सुरू होतं. या शब्दांमुळे भरपाई त्या मर्यादेच्या बाहेर पडते. मर्यादा कागदावर राहते आणि तुम्हाला तिचा उपयोग होत नाही. त्यामुळे मर्यादेचं कलम आणि भरपाईचं कलम शेजारी ठेवून वाचा.

‘अप्रत्यक्ष’ या शब्दाकडेही लक्ष द्या. तुम्ही करार मोडलात तर भरपाई किती द्यायची, याचं एक माप करार कायद्याच्या कलम ७३ मध्ये आधीच आहे. नेहमीच्या ओघात होणारं नुकसान, आणि करार करताना दोघांनाही ठाऊक असलेलं संभाव्य नुकसान, एवढंच त्यात येतं. दूरचं आणि अप्रत्यक्ष नुकसान मिळत नाही, असं ते कलम स्पष्ट म्हणतं. म्हणजे ग्राहकाचा मसुदा तुमच्याकडून कायदा मागतो त्याहून जास्त मागतो आहे. वाटाघाटीत हा मुद्दा जड ठरतो, कारण मग तुम्ही सवलत मागत नाही, कायद्याच्याच मापावर येऊ या असं सांगत असता.

आपल्या दाखल्यात याचा अर्थ असा. दिवाळीच्या आधी पोर्टल दोन दिवस बंद पडलं आणि चाळीस डीलरांच्या ऑर्डर अडकल्या. बिघाड दुरुस्त करून देणं ही फर्मची जबाबदारी, ते बरोबरच आहे. पण मसुद्यानुसार हुकलेली विक्री, त्यावरचा नफा, डीलरांनी केलेले दावे आणि वकिलांचा खर्च, हे सगळं फर्मकडे मागता येतं. ८ लाखांच्या कामावर ५० लाखांचा दावा आला तरी कलमाच्या शब्दांत त्याला अडवणारं काही नाही.

आणि हे पैसे कोणाच्या खिशातून जाणार? तुम्ही प्रोप्रायटर असाल तर थेट तुमच्या. १९३२ च्या भागीदारी कायद्याखालची फर्म असेल तर प्रत्येक भागीदार वैयक्तिकरीत्या बांधील असतो. राहतं घरसुद्धा सुरक्षित नाही. एलएलपी किंवा प्रायव्हेट लिमिटेड असेल तर साधारणपणे वसुली संस्थेच्या मालमत्तेपुरती थांबते, पण संस्थेसाठी तुम्ही वैयक्तिक हमीपत्र दिलं नाही ना, ते तपासा. अशी हमी कधीकधी शेवटच्या परिशिष्टात असते.

पायरी ३: आपला आकडा आधी कागदावर मांडा

मेल लिहायच्या आधी दोन हिशेब करा.

पहिला रोख पैशांचा. फर्मचा महिन्याचा खर्च सव्वा लाख धरू. चार महिने काम, स्वीकृतीला एक महिना, त्यानंतर ९० दिवस. म्हणजे पहिला रुपया आठव्या महिन्याच्या अखेरीला येतो. नुसत्या या कामाच्या चार महिन्यांचा खर्च ५ लाख होतो. शिवाय इनव्हॉइस काढलं की जीएसटी देय होतो, पैसे आलेले असोत वा नसोत. मासिक विवरण भरणाऱ्याला तो पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो. ते १,४४,००० धरले की ६,४४,००० रुपये खिशातून गेल्यावर पहिली रक्कम येते.

आता ३०-४०-३० असे तीन हप्ते मागितले तर काय होतं ते पाहा. सहीच्या वेळी २,४०,००० आणि त्यावरचा जीएसटी. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीला चाचणी आवृत्ती दिल्यावर ३,२०,००० चं इनव्हॉइस, ते ३० दिवसांत देय. बाकीचे २,४०,००० काम स्वीकारल्यावर. तिसऱ्या महिन्याच्या अखेरपर्यंत खर्च ३,७५,००० होतो, हातात २,४०,००० असतात, आणि मधल्या इनव्हॉइसवरचे ५७,६०० रुपये जीएसटीचे आधी भरावे लागतात. टीडीएस बाजूला ठेवला तर या काळात तूट दोन लाखांच्या आत राहते. साडेसहा लाख आणि दोन लाख यांतला हा फरक दिसला की कुठल्या मुद्द्यावर अडून बसायचं आणि कुठला सोडून द्यायचा, हे आपोआप ठरतं.

दुसरा हिशेब जबाबदारीचा. सगळं बिघडलं तर आपण जास्तीत जास्त किती देऊ शकतो आणि तरीही व्यवसाय चालू राहील? छोट्या कामात मागायला सगळ्यांत सोपा आणि मान्य व्हायलाही सोपा आकडा म्हणजे कामाची फी, इथे ८ लाख. याशिवाय प्रोफेशनल इंडेम्निटी विमा असेल तर त्याची रक्कम बघा. मात्र या विम्यात एक खाच असते, ती पॉलिसी उघडून वाचा. कायद्याने आली असती त्यापेक्षा जास्तीची जी जबाबदारी तुम्ही करारात स्वतःहून अंगावर घेतली, ती अशा पॉलिशांमधून बहुधा वगळलेली असते. म्हणजे ‘विमा आहे, करू सही’ हा विचार नेमका याच कलमाच्या बाबतीत फसतो.

पायरी ४: मेल कोणाला पाठवायचा

ज्याला तुमचं काम हवं आहे त्याला पाठवा. पर्चेस किंवा लीगलला प्रत ठेवा. लीगल विभागाचं काम कंपनीचा धोका कमी करण्याचं असतं. पोर्टल वेळेत सुरू व्हावं ही निकड त्यांची नसते. ती सेल्स हेडची किंवा आयटी मॅनेजरची असते, आणि लीगलला ‘हे मार्गी लावा’ असं सांगण्याचं वजनही त्यांच्याकडेच असतं.

मेल पाठवण्याआधी त्या माणसाला फोन करा. ‘सर, मसुदा वाचला. काम करायला आम्ही तयार आहोत. दोन कलमांत बदल सुचवून संध्याकाळपर्यंत मेल करतो, तुमची थोडी मदत लागेल.’ बस, एवढंच. फोनवर कलमांची चर्चा करू नका. त्या माणसाला मेल अचानक येऊन धडकू नये, इतकाच या फोनचा हेतू असतो.

पायरी ५: मेल लिहिणं

मसुद्यात तुम्हाला दहा गोष्टी खटकल्या असतील. त्यातल्या दोन किंवा फार तर तीन मागा. दहा मागितल्या की लीगल त्यातल्या सहा सोप्या मान्य करतं, आणि ज्या दोन खरोखर बुडवू शकतात त्या तशाच राहतात.

प्रत्येक मुद्द्यात तीन गोष्टी याव्यात: कलम क्रमांक, अडचण एका-दोन वाक्यांत, आणि त्या जागी घालायचा तयार मजकूर. तयार मजकूर नसेल तर ‘पाहून कळवतो’ असं उत्तर येतं आणि मेल तिथेच अडकतो. हाच मजकूर वर्ड फाइलमध्ये ट्रॅक चेंजेस चालू ठेवून घाला आणि ती फाइल जोडा. पीडीएफ आली असेल तर वर्ड प्रत मागून घ्या.

खाली नमुना देतो. ग्राहकाशी तुमचा व्यवहार इंग्रजीत चालत असेल तर तो इंग्रजीत लिहा, पण क्रम हाच ठेवा.

विषय: डीलर पोर्टल करार – कलम ५ व कलम ९ मधील दोन बदल

नमस्कार सर,

मसुदा मिळाला, आभारी आहोत. कामाची व्याप्ती, फी, वेळापत्रक, गोपनीयता आणि सोर्स कोडची मालकी, या सगळ्या अटी आम्हाला मान्य आहेत. पुढील दोन कलमांत बदल सुचवत आहोत. ट्रॅक चेंजेससह फाइल जोडली आहे.

१. कलम ५, पेमेंट. मसुद्यानुसार संपूर्ण रक्कम काम स्वीकारल्यानंतर ९० दिवसांनी मिळते. आम्ही उद्यम नोंदणीकृत सूक्ष्म उद्योग आहोत आणि आमच्यासारख्यांसाठी कायद्याने कमाल मुदत ४५ दिवसांची आहे. सुचवलेला मजकूर: ‘फीच्या ३० टक्के रक्कम सहीच्या वेळी, ४० टक्के चाचणी आवृत्ती दिल्यावर व ३० टक्के काम स्वीकारल्यावर देय होईल. पहिल्या हप्त्याखेरीज प्रत्येक इनव्हॉइस मिळाल्यापासून ३० दिवसांत अदा केले जाईल. काम सादर केल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत ग्राहकाने ठरलेल्या व्याप्तीशी न जुळणाऱ्या त्रुटी लेखी कळवल्या नाहीत, तर काम स्वीकारले असे मानले जाईल. वाद असलेली रक्कमच कारणासह रोखता येईल. उर्वरित रक्कम मुदतीत दिली जाईल.’

२. कलम ९, भरपाई. आमच्या चुकीमुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी आम्ही घेतोच. सध्याच्या मजकुरात मात्र तिला वरची मर्यादा नाही, आणि ८ लाखांच्या कामावर ती पेलणे आमच्या आकाराच्या फर्मला शक्य नाही. सुचवलेला मजकूर: ‘कलम ९ मधील भरपाईसह, या करारातून उद्भवणारी कोणत्याही पक्षाची एकूण जबाबदारी करारातील एकूण फीपेक्षा अधिक असणार नाही. हुकलेला नफा, हुकलेला व्यवसाय व अप्रत्यक्ष नुकसान यांसाठी कोणताही पक्ष जबाबदार राहणार नाही. फसवणूक व हेतुपुरस्सर केलेले गैरवर्तन यांना, तसेच फी अदा करण्याच्या ग्राहकाच्या जबाबदारीला, ही मर्यादा लागू नाही.’

हे बदल मान्य असल्यास आम्ही लगेच सही करू आणि ठरल्याप्रमाणे काम सुरू करू. लीगल विभागाशी थेट बोलायचे असल्यास गुरुवारी दुपारी आम्ही उपलब्ध आहोत.

हा मेल चर्चेसाठी आहे; दोन्ही पक्षांच्या सहीनंतरच अटी बंधनकारक होतील.

या मेलमधल्या काही जागा मुद्दाम तशा लिहिल्या आहेत. सुरुवातीला काय मान्य आहे ते सांगितलं, म्हणजे वाचणाऱ्याला बदल मोजकेच आहेत हे कळतं. ‘कलम ९ मधील भरपाईसह’ हे शब्द घातले, म्हणजे भरपाई मर्यादेच्या बाहेर पडत नाही. अर्थात कलम ९ च्या सुरुवातीचे ‘अन्यत्र काहीही म्हटलेले असले तरी’ हे शब्दही ट्रॅक चेंजेसमध्ये खोडायला हवेत, नाहीतर दोन वाक्यं एकमेकांशी भांडत राहतील. हुकलेला नफा वेगळा नाव घेऊन लिहिला, कारण काही परिस्थितींत नफ्याचं नुकसान हे प्रत्यक्षच नुकसान आहे असं म्हणता येतं, आणि मग ‘अप्रत्यक्ष’ हा एक शब्द पुरत नाही. मर्यादा दोन्ही पक्षांना सारखी ठेवली आहे. त्यामुळे लीगलला ती मान्य करणं जड जात नाही. पण तीच मर्यादा तुमच्या फीला लागू नये म्हणून ती बाजूला काढली.

‘अन्याय’, ‘एकतर्फी’, ‘शोषण’ असले शब्द मेलमध्ये कुठेही नाहीत. मसुदा बहुधा त्या माणसाने लिहिलेलाच नसतो. त्याला दोष दिला की तो बचाव करायला लागतो, आणि आपल्याला हवी असते त्याची मदत.

४५ दिवसांच्या नियमाबद्दल थोडं अधिक

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ च्या कलम १५ नुसार, खरेदीदार आणि पुरवठादार यांच्यात काहीही ठरलं तरी पेमेंटची मुदत स्वीकृतीपासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. हा नियम पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु असेल तेव्हा लागू होतो. उशीर झाला तर कलम १६ नुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं, आणि कलम २४ मुळे याच्याशी विसंगत अटींवर या तरतुदी वरचढ ठरतात. ‘स्वीकृती’चाही अर्थ कायद्याने दिला आहे: काम दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ते स्वीकारलं असं धरतात. ‘आमच्या समाधानानुसार’ या शब्दांवर काम महिनोन्‌महिने लोंबकळत ठेवणाऱ्याला याने चाप बसतो.

पहिल्या मेलमध्ये मात्र मी व्याज किंवा दाव्याचा उल्लेख करणार नाही. नियम आहे एवढंच सांगणं पुरेसं आहे. त्यापेक्षा ग्राहकाच्या अकाउंट्स विभागाला पटणारी एक गोष्ट आहे, ती अडलंच तर दुसऱ्या मेलमध्ये सांगा. २०२३ च्या वित्त कायद्याने १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३-बी मध्ये भर घातली. तिच्यामुळे सूक्ष्म व लघु उद्योगांना या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी मिळतो. मार्चच्या आसपासच्या बिलांबाबत अकाउंट्सवाले याबद्दल फार जागरूक असतात.

परदेशी ग्राहक असेल तर या कायद्याच्या भरवशावर राहू नका. तिथे आगाऊ रक्कम आणि हप्ते करारातच पक्के करून घ्यावे लागतात.

पायरी ६: नकार आला तर

बहुतेक वेळा पहिलं उत्तर येतं: ‘हा आमचा स्टँडर्ड फॉरमॅट आहे. सगळे व्हेंडर यावरच सही करतात.’ या वाक्यातली खरी अडचण अशी असते, की फॉरमॅट बदलायला वरची मंजुरी लागते आणि ती आणायची कोणाचीच तयारी नसते. मग फॉरमॅट तसाच ठेवायला सांगा:

‘सर, मूळ करारात काहीच बदलू नका. त्याला एक पानाचं परिशिष्ट जोडू या, “विशेष अटी” नावाने. त्यात हे दोन मुद्दे आणि एक वाक्य घालू: मूळ करार व हे परिशिष्ट यांत विसंगती आल्यास परिशिष्ट ग्राह्य धरले जाईल.’

हे वाक्य नसेल तर परिशिष्टाचा उपयोग नाही. ते असेल तर पुष्कळ कंपन्या तयार होतात, कारण त्यांचा छापील नमुना अबाधित राहतो.

दुसरं उत्तर येतं: ‘कलम असू दे हो, आम्ही असं कधी कोणावर लावत नाही.’ सांगणाऱ्याचा हेतू खराही असेल. पण तो माणूस उद्या नोकरी बदलेल आणि करार मागे राहील. शिवाय मसुद्याच्या शेवटी बहुधा ‘संपूर्ण करार’ नावाचं कलम असतं: आधीची सगळी बोलणी आणि पत्रव्यवहार रद्द, फक्त हा दस्तऐवज खरा. त्यामुळे मेलवर दिलेलं आश्वासनसुद्धा पुढे टिकणं कठीण होतं. नम्रपणे लिहा: ‘आपला हेतू तसाच असेल तर तो करारात आला म्हणजे दोघांनाही सोयीचं होईल.’

तिसरं उत्तर म्हणजे घासाघीस, आणि ते चांगलं लक्षण आहे. लीगल म्हणेल, ‘फीइतकी मर्यादा चालणार नाही, पाचपट करा.’ इथे एकाच आकड्यावर रस्सीखेच करण्यापेक्षा प्रकार वेगळे करा. साध्या चुकांसाठी मर्यादा फीइतकीच, ८ लाख. ग्राहकाला खरी भीती असते ती दोन गोष्टींची: डीलरांची माहिती फुटेल, किंवा तुम्ही दुसऱ्याचा कोड ढापून दिला म्हणून तिसराच कोणी दावा लावेल. या दोन प्रकारांपुरती मर्यादा दुप्पट करा, म्हणजे १६ लाख. आकडा मात्र रुपयांत लिहून ठेवा आणि विमा त्याला पुरतो का ते पाहा. फसवणुकीला मर्यादा मागूच नका; ती मागणारा पुरवठादार संशयास्पद दिसतो आणि मिळणारही काही नसतं.

पेमेंटवर माघार घ्यायची झाली तर दिवसांवर घ्या, हप्त्यांवर नको. ३० चे ४५ दिवस चालतील. आगाऊ ३० टक्क्यांचे २० झाले तरी एक वेळ निभावेल. पण ‘१० दिवसांत त्रुटी कळवल्या नाहीत तर काम स्वीकारलं’ हे वाक्य सोडू नका. ते गेलं की पुढचे सगळे दिवस कधीपासून मोजायचे, हेच ग्राहकाच्या हातात राहतं.

दोन्ही मुद्द्यांवर ठाम नकार आला, तर पायरी ३ मधले आकडे परत काढा. साडेसहा लाख अडकवून, राहत्या घरावर धोका घेऊन ८ लाखांचं काम करायचं का, हा निर्णय मग भावनेवर राहत नाही. मी तरी अमर्याद जबाबदारीवर सही करू नका असंच सांगेन. पेमेंट उशिरा आलं तर ओढाताण होते, पण त्यातून सावरता येतं. काम मोठं असेल, ग्राहकाकडे संवेदनशील माहिती असेल किंवा करार परदेशी कायद्याखाली असेल, तर सहीआधी वकिलाला दाखवा, आणि पूर्ण करारावर मत मागण्याऐवजी ही कलमं दाखवून नेमके प्रश्न विचारा.

पायरी ७: सहीच्या आधीची तपासणी

‘बदल केले आहेत, अंतिम प्रत जोडली आहे’ असा मेल आला की वर्डमधल्या कम्पेअर या सोयीने ती प्रत तुमच्या शेवटच्या प्रतीशी ताडून पाहा. कुणी मुद्दाम फसवतं म्हणून नव्हे. तीन विभागांतून फिरताना जुनी आवृत्ती पुढे जाण्याचा प्रकार अगदी नेहमीचा आहे. मर्यादेचं वाक्य, भरपाईच्या कलमाची सुरुवात, स्वीकृतीचे दिवस आणि परिशिष्टाच्या वरचढपणाचं वाक्य, एवढ्या जागा डोळ्यांनी स्वतः वाचा.

करारानंतर कारखान्याची परचेस ऑर्डर येईल. तिच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत छापील अटी असतात, आणि त्यांत ९० दिवस आणि संपूर्ण भरपाई ही दोन्ही परत येऊ शकतात. म्हणून करारात ‘परचेस ऑर्डर व हा करार यांत विसंगती आल्यास हा करार ग्राह्य’ असं वाक्य आहे ना, ते पाहा. नसेल तर ऑर्डर मिळाल्याच्या दिवशीच एक ओळीचा मेल टाका: ‘आपली ऑर्डर अमुक तारखेच्या करारातील अटींनुसार स्वीकारत आहोत, मागील पानावरील छापील अटी लागू नाहीत.’ त्या मेलला पोच मिळाल्यावर आगाऊ रकमेचं इनव्हॉइस पाठवा, आणि ती रक्कम खात्यात जमा झाल्यावर काम सुरू करा.